दहा वर्षांचे आभार, दीड मिनिटात

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या बाजारपेठेत एक नवी पद्धत रुळली आहे. दुकानाला पाच-दहा वर्षं झाली की मालक गल्ल्यासमोर उभा राहून मोबाइलवर छोटंसं भाषण करतो. ग्राहकांचे आभार मानतो, सवलत जाहीर करतो आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सोडतो. पूर्वी हे काम वर्तमानपत्रात घातलेलं पत्रक किंवा रिक्षावरचा भोंगा करायचा. भोंग्याने दुकानदाराचा चेहरा दिसत नव्हता, व्हिडिओत तो दिसतो. म्हणूनच इथे बोललेला शब्द पाळावा लागतो.

बहुतेक दुकानदार आधी भाषण जुळवतात आणि सवलतीचा आकडा शेवटी, कॅमेरा सुरू व्हायच्या बेतात ठरवतात. खरं तर हे उलट व्हायला हवं. समजा, एक साडीचं दुकान 2016च्या गुढीपाडव्याला सुरू झालं आणि 2026च्या पाडव्याला त्याला दहा वर्षं पूर्ण होतात. मालकाच्या मनात पहिला आकडा येतो तो वीस टक्के. आता हिशेब मांडू. सोपेपणासाठी कर बाजूला ठेवू. हजार रुपयांची साडी त्याला सातशेला पडते. उरलेल्या तीनशेतून भाडं, वीज, पगार आणि घर चालतं. वीस टक्के सूट दिली की साडी आठशेला जाते आणि हाती उरतात शंभर. एरवी रोज 30 साड्या विकून 9,000 सुटत असतील, तर तेवढेच सुटायला आता रोज 90 साड्या विकायला हव्यात. सूट वीस टक्क्यांची, पण तिप्पट विक्री करावी लागते. दहा टक्के सूट दिली तर साडीमागे दोनशे उरतात आणि 45 साड्यांवर भागतं.

तिसरा पर्याय फॉल-पिको मोफत करून देण्याचा. दुकानदाराला तो साडीमागे साठ रुपयांना पडतो असं धरू. मग उरतात 240 आणि 38 साड्यांत हिशेब जुळतो. शिवाय साडी न्यायला बाई पुन्हा दुकानात येते. पण यात एक मेख आहे. फॉल लावणारी बाई दिवसाला बारा-पंधरा साड्याच करू शकते. आठवडाभर रोज 38 साड्या तिच्याकडे गेल्या तर गठ्ठे साचतात, लग्नाची साडी वेळेवर मिळत नाही आणि आभाराच्या आठवड्यातच भांडण होतं. म्हणून ही सवलत सगळ्यांना देता येत नाही.

ही अडचण एका अर्थी सोयीची आहे, कारण तिच्यामुळे मूळ प्रश्न समोर येतो: आपण आभार कोणाचे मानतोय? सरसकट सूट जाहीर केली की तिचा मोठा वाटा त्याच दिवशी पहिल्यांदा पायरी चढणाऱ्याला जातो. जुन्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपण दहा वर्षं पूर्ण भावाने घेतलं आणि स्वस्त मिळालं ते भलत्यालाच. तेव्हा जिचे आभार, तिलाच सवलत द्यावी. जुनं बिल दाखवा, नाहीतर आमच्या उधारीच्या वहीत नाव शोधा, असं सांगता येतं. गावात बिल जपून ठेवणारे थोडे असतात, पण वहीत नाव बऱ्याच जणींचं सापडतं.

आता भाषण. "आपल्या प्रेमामुळे आणि विश्वासामुळे" हे वाक्य दुकानाची पाटी बदलून कुठेही चालतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी या दहा वर्षांतलं काहीतरी नेमकं सांगावं. 2016मध्ये उघडलेल्या साडीच्या दुकानाला आठवणींची वाण नाही. पहिल्याच वर्षी, 8 नोव्हेंबरला नोटाबंदी आली. पुढच्या जुलैत जीएसटी लागला आणि त्याविरोधात सुरतेचा कापडबाजारच संपावर गेला. 2020चा पाडवा तर 25 मार्चला, देशभरच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. दुकानाच्या वाढदिवशीच शटर बंद! असा एखादाच प्रसंग घ्यावा, सगळे घेतले की भाषणाचा इतिहास होतो.

मग भाषण साधारण असं होतं:

"नमस्कार मंडळी. येत्या पाडव्याला आपल्या दुकानाला दहा वर्षं होतात. 2020च्या पाडव्याला हे शटर बंद होतं आणि माल आत पडून होता. तेव्हा काही ताई-काकूंनी फोन करून सांगितलं, उधारी राहिलीय, पैसे पाठवते. आम्ही मागितले नव्हते. ते पैसे आले म्हणून त्या महिन्यात आमच्या पोरांचे पगार झाले. हे मी विसरलेलो नाही. म्हणून पाडव्यापासून सात दिवस, आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना साडीवर फॉल-पिको मोफत. जुनं बिल आणा, नसेल तर वहीत नाव शोधू. एका जणीला दोन साड्या. साडी आठ दिवसांनी तयार मिळेल. लग्नाची घाई असेल तर आधी सांगा. पाडव्याला चहाला या, खरेदी नाही केली तरी चालेल."

हे सावकाश बोललं तरी दीड मिनिटाच्या आत बसतं. गिऱ्हाइकांची नावं यात मुद्दामच नाहीत. कोणाची उधारी होती, हे गावाला कळायचं कारण नाही. सवलतीच्या अटी मात्र भाषणातच आल्या आहेत: किती दिवस, कोणाला, किती साड्या, कधी मिळणार. खाली बारीक अक्षरात "अटी लागू" लिहून सुटका होत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळक जागी हवा, आणि दावा आवाजातून केला असेल तर त्या बोलण्याबरोबरच पडद्यावर दिसायला हवा. पुरेसा माल नसताना स्वस्त भावाचं आमिष दाखवणंही त्यात बसत नाही. आधी चिठ्ठीवरचा भाव वाढवून मग सूट देणं ही तर ग्राहकांची उघड फसवणूक आहे, आणि ती ग्राहकांना लगेच कळते. मागच्याच महिन्यात तीच साडी त्यांनी हाताळलेली असते. लकी ड्रॉचा मोहही आवरावा. विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणं 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडू शकतं.

चित्रीकरणाला मोठी तयारी लागत नाही. सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी, चेहऱ्यावर दाराकडचा उजेड येईल असं उभं राहावं. दार पाठीमागे असलं की चेहरा काळा पडतो. पंखा बंद करावा, कारण खराब चित्र लोक चालवून घेतात, पण घरघरणारा आवाज ऐकून पुढे सरकतात. कागद वाचून बोललं की डोळे खाली जातात, म्हणून चार मुद्दे लक्षात ठेवून बोलावं. सवलतीची तारीख पडद्यावर अक्षरांत द्यावी, बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. मागे सिनेमाचं गाणं लावू नये. धंद्याच्या जाहिरातीत ते विनापरवाना वापरलं तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो आणि व्हिडिओचा आवाजच गायब होऊ शकतो.

सात दिवस संपल्यावर गर्दीवरून अंदाज बांधू नये. सवलतीच्या प्रत्येक बिलावर खूण करून ठेवलेली असली की तीन गोष्टी कळतात: जुन्या किती जणी आल्या, त्यांतल्या किती बऱ्याच दिवसांनी आल्या आणि खर्च वजा जाता किती सुटलं. गेल्या पाडव्याच्या आठवड्याशी ताळा करून बघावं. सुटलेली रक्कम थोडी कमी भरली, पण वहीतल्या थांबलेल्या नावांपैकी काही परत आली, तर सवलत वाया गेली नाही असं समजावं. आणि आठव्या दिवशी व्हिडिओखाली "सवलत संपली" असं लिहून टाकावं. कोणाच्या तरी फोनवरून तो फिरत फिरत दोन महिन्यांनी एखाद्या काकूंना मिळतो आणि त्या जुनं बिल घेऊन दारात उभ्या राहतात. तरीही एखादी आलीच, तर साठ रुपयांसाठी वाद घालू नये.