सारांशातून निसटलेले शेंगदाणे

चॅटबॉटशी बराच वेळ बोललं की त्याला आपलं सगळं आठवतंय असं वाटू लागतं. प्रत्यक्षात आपण नवा प्रश्न टाकला की ॲप आधीचं अख्खं संभाषण त्याला जोडून मॉडेलकडे पाठवतं आणि मॉडेल ते दर वेळी पहिल्यापासून वाचतं. हा मजकूर टोकनांत, म्हणजे शब्दांच्या बारीक तुकड्यांत मोजतात. एका वेळी किती टोकन पाठवायचे याला मर्यादा असते आणि खर्चही त्यावरच ठरतो. मराठीचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून आपली मर्यादा लवकर भरते.

समजा, स्वयंपाकाचा सल्ला देणाऱ्या एका ॲपने संभाषणासाठी ६,००० टोकन राखले आहेत. ते भरत आले की ॲप शेवटची आठ-दहा प्रश्नोत्तरं जशीच्या तशी ठेवतं आणि त्याआधीच्या सगळ्याचा मॉडेलकडूनच ५०० टोकनांत सारांश करून घेतं. पुन्हा जागा भरली की हा सारांश आणि नंतर साचलेलं बोलणं मिळून नवा सारांश होतो. जुना जातो.

गोची इथे होते. सुरुवातीलाच एका आईने लिहिलं होतं, ‘मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तीळ मात्र चालतात.’ पहिल्या सारांशात हे नीट उतरलं. दुसऱ्यात ‘मुलीला काही पदार्थांची ॲलर्जी आहे’ एवढंच उरलं. तिसऱ्यात ‘घरात पथ्य पाळतात’. मग तिने उपासाला काय करू असं विचारलं, तर शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आली. पुढे कशाची गरज पडेल हे सारांश करताना ठाऊक नसतं, त्यामुळे ज्यावर जास्त बोलणं झालं ते टिकतं आणि एकदाच सांगितलेलं गळतं. नवा सारांश जुन्या सारांशावरून होत असल्याने गळलेलं परतही येत नाही. उत्तराच्या सफाईत काहीच फरक पडत नाही, म्हणून चूक कळतही नाही.

मर्यादा पाठवण्यावर असते, साठवण्यावर नव्हे. त्यामुळे मूळ संभाषण जपून अधूनमधून त्यावरूनच ताजा सारांश करता येतो. ॲलर्जी, औषधाचं प्रमाण, तारखा, रकमा अशा गोष्टी तर सारांशात घालूच नयेत असं माझं ठाम मत आहे; त्यांची वेगळी यादी दर प्रश्नासोबत जशीच्या तशी जावी. हे जमलंय का ते तपासताना ‘ॲलर्जी कशाची?’ असं थेट विचारून भागत नाही. दोन-तीन सारांश होऊ द्यावेत आणि मग सरळ खिचडीची कृती मागावी.

यादीलाही टोकन लागतातच, शिवाय ती शिळी होते. उद्या डॉक्टरांनी मुलीला तीळही बंद केले, तर ‘तीळ चालतात’ ही जुनी नोंद खोडावी लागेल. नुसती नवी खाली जोडली, तर परस्परविरोधी दोन्ही नोंदी मॉडेलसमोर जातील.