मॅनेजर सहा महिने रजेवर, इनबॉक्स तुमच्याकडे: हँडओव्हर नोटमध्ये नेमकं काय हवं?

ऑफिसमध्ये कुणी मोठ्या रजेवर निघालं की शेवटच्या आठवड्यात एक मेल ठरलेला असतो. "माझ्या गैरहजेरीत अमुक जण काम बघतील." सोबत चालू कामांची एक्सेल शीट आणि बऱ्याचदा चिठ्ठीवर लिहिलेला पासवर्ड. हँडओव्हर झाला, असं सगळे धरून चालतात.

पण इनबॉक्स सांभाळणं हे काम सांभाळण्यापेक्षा वेगळं आहे. इनबॉक्समध्ये जे येतं ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं मॅनेजरच्या डोक्यात असतं: फोनवर काय ठरलं होतं, कुणाला किती मोकळीक द्यायची, कुठली तारीख चुकवून चालणार नाही. मेल तर नव्या माणसालाही दिसणारच आहेत. मेलमध्ये जे दिसत नाही, ते हँडओव्हर नोटमध्ये यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणमधला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या पर्चेस मॅनेजर १ जुलैपासून बाळंतपणाच्या रजेवर जाताहेत. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, म्हणजे त्या परत येणार थेट ३० डिसेंबरला. इनबॉक्स बघणार त्यांच्याच विभागातला एक ज्युनिअर सहकारी.

एक फोन, जो मेलमध्ये नाही

२४ जूनला एका छोट्या फाउंड्रीकडून ५०० कास्टिंग आली. बिल २,४०,००० रुपयांचं. तपासणीत ६० नगांत ब्लोहोल निघाले, म्हणजे आत हवेची पोकळी राहिलेली. मॅडमनी मालकाला फोन केला. "बदलून देतो मॅडम, काळजी करू नका," तो म्हणाला. विषय संपला. मेल कुणीच केला नाही.

१२ जुलैला मालकाच्या अकाउंटंटचा मेल येतो: "बिल पास करावे ही विनंती." सहकारी जुने मेल चाळतो. ऑर्डर आहे, चलन आहे, बिल आहे, तक्रार कुठेच नाही. तो बिल पुढे पाठवतो. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

इथे एक कायदा मध्ये येतो. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६चा एमएसएमई विकासाचा कायदा लागू होतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्या दिवशीच तो स्वीकारला असं मानलं जातं. हरकत लेखीच हवी, फोन चालत नाही. आपल्या उदाहरणात ही मुदत ९ जुलैला संपली. लेखी करारात जास्त दिवस लिहिलेले असले, तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. २४ जूनपासून मोजलं तर ती तारीख येते ८ ऑगस्ट. त्यापुढे उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं.

उलट हरकत मुदतीत लेखी गेली असती, तर हे दिवस मोजायला सुरुवात झाली असती सप्लायरनं दोष दूर केल्यानंतर. एका मेलचा फरक. ४८० रुपयांच्या ६० नगांचे २८,८०० रुपये आता सप्लायरच्या भलेपणावर अवलंबून आहेत.

नोटमध्ये या विषयाला पाचच ओळी लागल्या असत्या:

> फाउंड्रीचं २४ जूनचं चलन, ५०० नग, बिल २,४०,०००.
> ६० नगांत ब्लोहोल. मालकाशी २६ जूनला फोनवर बोलले, बदलून देणार आहेत. लेखी काही नाही.
> करायचं: फोटो आणि तपासणी रिपोर्ट जोडून हरकतीचा मेल. शेवटची तारीख ९ जुलै.
> बिल आलं तर ६० नग बदलून मिळेपर्यंत पास करायचं नाही.
> निर्णय: प्लांट हेड. मालक चांगले आहेत, मेलची भाषा सौम्य ठेवा.

शेवटचं वाक्य अनेकांना फालतू वाटेल. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. सप्लायरशी दहा वर्षांचे संबंध आहेत की गेल्या वेळी भांडण झालं होतं, हे जुने मेल वाचून कळत नाही. नवा माणूस मग एक तर फार कडक लिहितो, नाही तर फार गुळमुळीत.

असे किती विषय लिहायचे? प्रत्येक मेल मुळीच नाही. गेल्या दोन महिन्यांतले पाठवलेले मेल आणि फोनची कॉल लिस्ट समोर ठेवा. ज्या विषयात तोंडी काही ठरलंय किंवा रजेच्या काळात एखादी तारीख येतेय, तेवढेच घ्या. बहुतेक मॅनेजरांचे दहा-पंधराच निघतात. बाकीच्यांना "जुना मेल बघून उत्तर द्या" एवढं पुरतं.

मेल उघडता येतो म्हणजे मंजुरी देता येते का?

नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. मॅडमना समजा अडीच लाखांपर्यंतचं बिल मंजूर करण्याचा अधिकार आहे. तो त्यांच्या पदाला आहे, त्यांच्या इनबॉक्सला नाही. सहकाऱ्यानं त्यांच्या मेलवरून "मंजूर" असं लिहिलं, तर सहा महिन्यांनी ऑडिटर विचारणार, हे कुणी मंजूर केलं? मॅडम तर रजेवर होत्या.

म्हणून नोटसोबत वरिष्ठांचा वेगळा मेल हवा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, ५०,००० रुपयांपर्यंत हा सहकारी मंजुरी देईल, त्यावर प्लांट हेड. हा मेल अकाउंट्सलाही गेला पाहिजे. नोट लिहिणाऱ्यानं स्वतःच "माझ्या वतीनं बघून घे" म्हणून भागत नाही.

आणि "अडलं तर फोन कर" हा तर प्लॅनच नव्हे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे नोटमधल्या प्रत्येक विषयापुढे, ऑफिसमध्ये हजर असलेल्या आणि हो किंवा नाही म्हणू शकणाऱ्या माणसाचं नाव हवं.

पासवर्ड नको, परवानगी द्या

चिठ्ठीवर पासवर्ड दिला की सोबत ड्राइव्ह, कॅलेंडर, चॅट सगळंच जातं. पाठवलेला मेल कुणी लिहिला, हेही नंतर कळत नाही. जीमेलमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. कंप्युटरवर सेटिंग्जमध्ये, अकाउंट्सच्या टॅबखाली `Grant access to your account` असं दिसतं. तिथे सहकाऱ्याचा पत्ता टाकायचा. ऑफिसचं खातं असेल तर आधी आयटीवाल्यांनी ही सोय चालू केलेली असावी लागते. सहकाऱ्याला येणारी लिंक आठवडाभरच चालते आणि परवानगी दिसायला कधी कधी एक दिवस लागतो. त्यामुळे हे काम रजेच्या आदल्या संध्याकाळसाठी ठेवू नका.

या परवानगीनं सहकारी मेल वाचू शकतो, पाठवू शकतो आणि डिलीटही करू शकतो. पासवर्ड मात्र त्याला बदलता येत नाही.

मर्यादा एकच, पण मोठी: जीमेलमध्ये परवानगी अख्ख्या मेलबॉक्सची असते. एखादा फोल्डर झाकून ठेवता येत नाही. आउटलुकमध्ये फोल्डरनुसार परवानगी देता येते. मॅनेजरच्या मेलमध्ये काय काय असतं आठवा: टीमचे अप्रेजल, कुणाची आजारपणाची रजा, स्वतःची पगाराची स्लिप. सहकारी ज्युनिअर असेल, तर त्याला शेजारच्या टेबलवरच्या माणसाचं रेटिंग दिसेल. मॅडम अंतर्गत तक्रार समितीवर असतील तर मामला आणखी नाजूक. लैंगिक छळाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणं २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे.

अशा वेळी अख्खा मेलबॉक्स देऊच नये. सप्लायरांच्या पत्त्यांचा फिल्टर लावून तेवढेच मेल सहकाऱ्याकडे फॉरवर्ड होतील असं करावं. तक्रारी आणि अप्रेजलचे मेल रजेच्या काळात कुणाच्या पत्त्यावर पाठवायचे, हे एचआरनं संबंधितांना आधीच कळवावं.

"आमचं बँक खातं बदललं आहे"

रजेच्या काळातला सगळ्यात धोकादायक मेल हाच. ठगाला ऑटो रिप्लायवरून कळतं की मॅनेजर डिसेंबरपर्यंत नाहीत आणि मेल बघणारा माणूस नवा आहे. मग सप्लायरच्या नावानं, एकाच अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावरून मेल येतो. लेटरहेड तसंच, सही तशीच, खाली नवा खाते क्रमांक. कधी कधी सप्लायरचं खरं मेल खातंच हॅक झालेलं असतं, मग पत्त्यातही फरक सापडत नाही.

नोटमध्ये याबद्दल पर्याय देऊ नयेत, नियमच लिहावा. मेलवरून बँक खातं बदलायचं नाही. जुन्या ऑर्डरवरच्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. बोलणं झालं तरी अकाउंट्सच्या दुसऱ्या माणसानं पडताळल्याशिवाय बदल होणार नाही. पैसे गेलेच, तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं.

ऑटो रिप्लायही जपून लिहावा. बाहेरच्यांना "खरेदीच्या कामासाठी या पत्त्यावर लिहा" एवढं पुरे. रजेचं कारण, परतीची तारीख, बिलं कोण मंजूर करतं, यातलं काहीही नको.

परत येणाऱ्या माणसाचीही सोय आत्ताच करून ठेवता येते. २६ आठवड्यांचे हजारो मेल कुणी वाचत नाही. सहकाऱ्यानं फक्त तीन गोष्टी टिपायच्या: फोनवर काय ठरलं, नेहमीपेक्षा वेगळा निर्णय कुठला झाला आणि काय मुद्दाम थांबवून ठेवलं. आठवड्याला पाच-सहा ओळी होतात. ३० डिसेंबरला मॅडमनी आधी ते वाचावं, आणि त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन सहकाऱ्याची परवानगी काढावी. ती आपोआप संपत नाही.