नळीने जेवणाऱ्या रुग्णाचे तोंड

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर गिळणे धोक्याचे ठरले, तर नाकातून पोटात नळी घालून अन्न आणि पाणी दिले जाते. तोंडावाटे काही जातच नाही, मग तोंड घाण कशाने होणार, असे घरच्यांना वाटते. घडते उलटेच. एरवी चावताना-गिळताना लाळेने तोंड आपोआप धुतले जाते. ते आता बंद पडलेले असते. रुग्ण उघड्या तोंडाने श्वास घेत असला तर लाळ वाळते आणि जिभेवर व टाळूवर पिवळट-तपकिरी खपली धरते. तिथे जंतू माजतात, आणि तीच लाळ थेंबाथेंबाने श्वासनलिकेत उतरते. नळी लाळेला अडवत नाही. घशाची जाणीव कमी झालेल्या रुग्णाला ठसकाही लागत नाही, त्यामुळे लाळ फुप्फुसात गेल्याचे कळते ते थेट न्यूमोनिया झाल्यावर.

जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे दात परिचारक नियमित घासत होते त्यांच्यापैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला. इतरांत हे प्रमाण 19 टक्के होते. त्यातले सगळेच अर्धांगवायूचे रुग्ण नव्हते, पण फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली की त्या बाजूचा गाल ढिला होतो. तो दातांना लागून राहत नाही, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये खोबण तयार होते. जीभ तिथे पोचत नाही आणि काही अडकले तरी रुग्णाला जाणवत नाही. वाळलेली लाळ, कधी झटक्याच्या दिवशीचा भाताचा घाससुद्धा तिथे सापडतो. म्हणून सफाईची सुरुवात लुळ्या बाजूने करावी.

समजा, 68 वर्षांच्या आजोबांची डावी बाजू गेली आहे आणि नळी चालू आहे. नळीने दूध दिल्यावर लगेच तोंडाला हात लावू नये, उमासा येऊन उलटी होऊ शकते, तासभर थांबावे. पाठीशी आधार देऊन त्यांना शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली असावी. मान मागे टाकली तर सगळे घशाकडे जाते. बसवता येत नसेल तर त्यांना उजव्या कुशीवर, चेहरा थोडा खाली कलवून निजवावे आणि गालाखाली टॉवेल ठेवावा. डावा गाल वर राहिला की तो नीट दिसतो आणि तिथे पाणी साचत नाही.

आधी ओठ ओले करावेत, नाहीतर तोंड उघडताना ते फुटतात. मग टॉर्चने आत पाहावे. खपली कडक असेल तर तोंड ओले ठेवणारे जेल लावून काही मिनिटे थांबावे. कोरडी खपली खरवडली तर रक्त येते, आणि सुटलेला तुकडा घशात जातो तो वेगळाच.

लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्यावा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, तीही कमी फेसाची. बोटाने डावा गाल बाहेर ओढून ब्रश आतून बाहेरच्या दिशेने फिरवावा आणि दर चार-पाच वेळा गॉजवर पुसावा. जिभेवरूनही मागून पुढेच यावे, पण फार मागे शिरू नये. चूळ भरायला देऊ नये, चमचाभर पाणीही नाही. उरलेला फेस घट्ट पिळलेल्या गॉजने टिपावा. घरी सक्शन मशीन असेल तर त्याने ओढावा. बोट गालाच्या बाजूनेच जावे, दातांच्या मध्ये कधीच नाही, कारण नकळत जबडा आवळला तर तो रुग्णाला सोडवता येत नाही. शेवटी जेलचा पातळ थर द्यावा. घासणे दिवसातून दोनदा, ओलावा मात्र दर दोन-तीन तासांनी.

जिभेला मध किंवा ग्लिसरीन लावायची जुनी पद्धत टाळलेली बरी. ग्लिसरीन पाणी शोषून तोंड आणखी कोरडे करते. काडीवरच्या स्पंजचा गोळा सुटून घशात अडकू शकतो; ब्रिटनच्या नियामक संस्थेने 2012 मध्ये त्याबाबत इशारा दिला होता.

कवळी असेल तर ती काढून वेगळी घासावी आणि रात्री पाण्यात ठेवावी. लुळ्या गालामुळे ती ढिली होते, म्हणून झोपेत तोंडात राहू देऊ नये.

जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखे पांढरे डाग दिसले आणि पुसल्यावर खाली लाल झाले, तर तो बुरशीचा संसर्ग असतो. त्याला डॉक्टरांचे औषध लागते. आवाज घोगरा-ओलसर होणे, छातीत घरघर, ताप किंवा श्वासाची गती वाढणे यांपैकी काही दिसले तर सफाई थांबवून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. धाप लागली असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

गिळण्याची चाचणी झाल्यावर तज्ज्ञाने तोंडाने खायला परवानगी दिली, तरी डाव्या गालाचे काम संपत नाही. प्रत्येक जेवणानंतर टॉर्च लावून ती खोबण पाहायची, अडकलेले काढायचे आणि आजोबांना पुढे अर्धा तास बसवून ठेवायचे.