पार्किंगच्या छताखालचे चाळीस मिलिमीटर

डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून कल्याण पूर्व आणि विठ्ठलवाडीतल्या जुन्या चार मजली सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाचा विषय थांबलेला नाही. किती टक्के जादा जागा, किती भाडं, कॉर्पस किती, यावर सभा मध्यरात्रीपर्यंत चालतात. नव्या इमारतीतले पाइप, केबल आणि आगीची लाइन कुठून जाणार, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पुढची चाळीस वर्षं रहिवासी ज्याच्यासोबत राहणार आहेत, त्यातला मोठा हिस्सा हाच आहे.

या प्रश्नाचं उत्तर ज्या कागदात असायला हवं, त्याला बीआयएम अंमलबजावणी आराखडा म्हणतात. साइटवर त्याचं नाव ‘बेप’. बीआयएम म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण मॉडेल करणं वेगळं आणि आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, प्लंबिंग, वीज आणि अग्निशमन यांची पाच मॉडेलं एकमेकांत बसवणं वेगळं. कोण काय, किती खोलात, कधी देणार आणि दोन वस्तू एकाच जागी आल्या तर हलायचं कुणी, हे बेप आधीच ठरवतो. माझ्या मते बहुतेक बेप इथेच कच्चे असतात. सॉफ्टवेअरची नावं पानभर दिलेली असतात आणि हलायचं कुणी, याबद्दल एक ओळही नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, विठ्ठलवाडीत वीस मजली इमारत उभी राहते आहे. तळाला पार्किंग, वर फ्लॅट. वरच्या संडास-बाथरूमचे उभे पाइप सरळ खाली आले तर गाड्यांच्या मधोमध उतरतील, म्हणून ते पार्किंगच्या छताखालून आडवे वळवून बाहेरच्या चेंबरपर्यंत न्यायचे आहेत. पार्किंगची उंची स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३,६०० मिलिमीटर आहे. बीम ७५० मिलिमीटर खोल आहे, म्हणजे बीमखाली २,८५० उरले. जमिनीच्या फिनिशला ५० गेले, उरले २,८००. गाड्यांसाठी २,४०० मिलिमीटर मोकळे ठेवायचं ठरलं आहे. मग सगळ्या सेवांसाठी बीमखाली उरले फक्त ४००.

आता ड्रेनेजचा पाइप १६० मिलिमीटरचा. तो आडवा असला तरी सपाट असून चालत नाही. एकास ऐंशीचा उतार धरला, तर १६ मीटर लांबीत त्याचं शेवटचं टोक २०० मिलिमीटर खाली येतं. १६० आणि २०० मिळून ३६०. उरले चाळीस. याच छताखालून आगीच्या स्प्रिंकलरची दीडशेची मुख्य लाइनही आडवी जायची आहे, तिचा बाहेरचा व्यास साधारण १६८ आहे. ड्रेनेजच्या खालच्या टोकाशी ती कुठेच मावत नाही.

आता हे चाळीस मिलिमीटर खरे आहेत का, ते पाहू. त्याचं उत्तर मॉडेल किती खोलात केलं आहे यावर अवलंबून आहे. त्यासाठी एलओडी नावाची मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने, एआयएने, २००८ मध्ये ती करारात आणली. १०० म्हणजे निव्वळ कल्पना, २०० म्हणजे अंदाजे आकार, ३०० म्हणजे नेमका आकार आणि नेमकी जागा, ४०० म्हणजे कारखान्यात बनवता येईल इतका तपशील आणि ५०० म्हणजे प्रत्यक्ष जागेवर पडताळलेलं. या मांडणीमागे जेम्स बेड्रिक या आर्किटेक्टचा मोठा वाटा आहे, आणि बीआयएममधल्या सगळ्या चर्चेत मला त्यांचा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. चित्र किती देखणं आहे याच्याशी एलओडीचा संबंध नाही. त्या वस्तूवर दुसऱ्याने किती विसंबायचं, हे तो आकडा सांगतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला पंप नटबोल्टसकट दिसतो, पण त्याची जागा ठरलेली नसेल तर तो २०० चाच.

पुढे बीआयएमफोरम या संस्थेच्या गटाला जाणवलं की वेगवेगळ्या कामांचा मेळ घालायला ३०० पुरत नाही आणि ४०० फार होतं. म्हणून त्यांनी मध्ये ३५० ही पायरी घातली. ३५० मध्ये वस्तू शेजाऱ्याला कशी भिडते ते येतं, म्हणजे हँगर, क्लॅम्प, फ्लँज, स्लीव्ह. आपल्या पार्किंगमध्ये फरक नेमका इथे पडतो. ३०० च्या मॉडेलमध्ये पाइप चाळीस मिलिमीटर राखून बसतो आणि सगळे समाधानाने सही करतात. ३५० मध्ये सॉकेटचा फुगवटा येतो, पाइपाखालचा क्लॅम्प येतो, बीम आणि पाइप यांच्यामधली फट येते, आणि चाळीस तिथेच संपतात. त्यात स्लॅब भरताना फळ्या दहा-पंधरा मिलिमीटर खाली बसल्या, तर गाड्यांची उंची कमी झाली म्हणून समजा.

म्हणूनच ‘आमचं मॉडेल एलओडी ३०० आहे’ हे वाक्य निरर्थक आहे. बीआयएमफोरमच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की अख्ख्या मॉडेलचा एलओडी नसतो, तो एकेका घटकाचा असतो. चांगल्या बेपमध्ये तक्ता असतो: ड्रेनेज अमुक तारखेला ३५०, मुख्य अग्निशमन लाइन ३५०, फ्लॅटमधली विजेची पॉइंट वायरिंग मात्र २०० वरही चालेल. सगळंच ३५० मागणं म्हणजे पैसे आणि महिने वाया घालवणं.

आता क्लॅशकडे. सॉफ्टवेअर दोन वस्तू एकमेकांत घुसलेल्या शोधून देतं. पहिल्याच दिवशी हजारो टकरी निघतात आणि मग आकडा कमी करण्याची शर्यत लागते. माझा सगळा आक्षेप या आकड्याला आहे. एकच पाइप बारा स्लॅबमधून गेला तर बारा टकरी दिसतात, प्रश्न एकच असतो. उलट, ड्रेनेजचा पाइप मॉडेलरने उतार न देता सपाट काढला, तर एकही टक्कर दिसत नाही आणि प्रश्न मोठा असतो. हँगर पुसून टाकला तरी टक्कर ‘रिझॉल्व्ड’ म्हणून आपोआप बंद होते. तपासायचं असेल तर पाइपच्या दोन्ही टोकांची तळपातळी वाचायला सांगा. दोन्हीकडे आकडा सारखा आला, तर तो टकरींचा अहवाल बाजूला ठेवा.

नियमांचा तक्ता आधी ठरला तर हा गोंधळ टळतो. सगळ्याची सगळ्याशी टक्कर पाहायची नसते. बीम विरुद्ध ड्रेनेज सर्वांत आधी, मग बीम विरुद्ध अग्निशमन, मग ड्रेनेज विरुद्ध अग्निशमन, आणि केबल ट्रे शेवटी. प्रत्येक जोडीला किती मिलिमीटरपर्यंतचा स्पर्श माफ आणि किती मोकळी जागा हवी, हे लिहायचं. केबल ट्रेला नुसतं न टेकून भागत नाही, केबल टाकायला वर हात जाईल एवढी जागा लागते. न घुसताही जागा खाणारी अशी टक्कर वेगळ्या नियमाने पकडावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हलण्याचा क्रम. उतारावर चालणारं ड्रेनेज हलणार नाही. दाबाखाली चालणारी आगीची लाइन हलेल. तिच्या आधी केबल ट्रे हलेल, कारण केबलला वळण सोपं.

हा क्रम लावून आपलं पार्किंग पुन्हा पाहू. ड्रेनेज एका बाजूला १६ मीटर न नेता दोन भाग करून दोन्ही बाजूंच्या चेंबरकडे आठ-आठ मीटर नेलं, तर उतार १०० मिलिमीटरचाच लागतो. १६० आणि १०० मिळून २६०, म्हणजे १४० मोकळे. त्यात क्लॅम्प, सॉकेट आणि स्लॅबचा फरक आरामात मावतो. बाहेर एक जादा चेंबर लागतं, एवढाच खर्च. आगीची लाइन बीमखालून काढूच नये. दोन बीमच्या मधल्या खोबणीत, स्लॅबच्या खाली ६०० मिलिमीटर जागा रिकामी आहे. तिथून बीमला समांतर नेली की ती ड्रेनेजच्या वरून जाते. जिथे बीम ओलांडावाच लागेल, तिथे बीममध्ये आधीच स्लीव्ह ठेवायची. ती साधारण बीमच्या उंचीच्या मधल्या भागात आणि खांबापासून दूर हवी, आणि त्यावर आरसीसी सल्लागाराची सही हवी. ही सही काँक्रीट भरण्याआधी झाली तर काम पाइपच्या एका तुकड्याचं आहे. नंतर झाली तर कोअर कटिंगचं यंत्र येतं आणि सळई कापली जाण्याचा धोका उभा राहतो.

तिसरा भाग मॉडेलच्या देवाणघेवाणीचा. याबद्दल लोक फार तांत्रिक बोलतात, पण बिघाड साध्या गोष्टींत असतो. आर्किटेक्टचा शून्य फिनिशच्या पातळीवर आणि आरसीसीवाल्याचा शून्य स्लॅबवर असेल, तर सगळंच ५० मिलिमीटरने चुकतं, आणि आपल्याकडे तर चाळीसचाच हिशोब चालू होता. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी एकच मूळबिंदू आणि एकच पातळी धरून रिकामं मॉडेल एकमेकांना पाठवून पाहावं. दोन ग्रिड एकमेकांवर बरोबर बसले की मगच पाइप काढायला सुरुवात. मग ठराविक दिवशी, समजा दर गुरुवारी, सगळ्यांनी आयएफसी फाइल सामाईक जागी ठेवायची आणि तपासणी फक्त त्याच फाइलींवर करायची. आयएफसी हे आयएसओ १६७३९ मानक आहे, बहुतेक बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, पण ते पाहण्यासाठी आहे, त्यात बदल करायचे नसतात. चालू काम, सामाईक, मंजूर आणि जुनं अशा चार कप्प्यांची शिस्त २०१८ च्या आयएसओ १९६५० ने घालून दिली आहे. जुन्या फाइलवर टकरी शोधल्या तर अहवाल खरा दिसतो आणि खोटा असतो. टकरीची नोंद बीसीएफ नावाच्या छोट्या फाइलमधून जाते. ती वस्तूच्या ओळख क्रमांकाला चिकटलेली असते, म्हणून पाइप पुसून नवा काढला की आधीची तक्रार त्याच्यापर्यंत पोचत नाही. पाइप हलवावा, पुसू नये, हा नियमही बेपमध्ये हवा.

महाराष्ट्रात हे जमतं का, याचं उत्तर नागपूरने दिलं आहे. नागपूर मेट्रोने त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून पाच मितींचं बीआयएम वापरलं आणि मार्च २०१९ मध्ये पहिला मार्ग प्रवाशांसाठी खुला केला. पण मेट्रोकडे एकच मालक असतो, तो अट घालू शकतो. गृहनिर्माण सोसायटीत ही अट घालणार कोण? ठाणे, नवी मुंबई आणि पुण्यातल्या कंपन्या परदेशातल्या इमारतींची मॉडेलं रोज करतात. माणसं आणि कौशल्य इथेच आहे. आपल्या इमारतीसाठी मागणीच केली जात नाही.

मागणी करण्याची जागा मात्र आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार पुनर्विकासात सोसायटी स्वतःचा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमते. विकासकाशी करार करण्याआधी या सल्लागाराला तीन गोष्टी लेखी मागा: घटकवार एलओडीचा तक्ता, कोण कुणासाठी हलणार याचा क्रम आणि पार्किंगच्या छताचं ३५० पातळीचं मॉडेल, स्लॅब भरण्याच्या किमान महिनाभर आधी. तिसऱ्या गोष्टीवर टाळाटाळ झाली, तर सही करू नका.