उसाची ट्रॉली आणि कापलेली भरपाई

गळीत हंगामातली रात्र. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं म्हणून चालकाने उसाने भरलेली ट्रॉली डांबरावरच उभी केली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड किंवा फांद्याही ठेवलेल्या नाहीत. मागून मोटारसायकलवर येणारा अडतीस वर्षांचा फॅब्रिकेटर तिच्यावर जाऊन आदळला आणि मांडीचं हाड मोडलं. हे उदाहरण रचलेलं आहे, पण साखरपट्ट्यातल्या कुठल्याही वकिलाला ते ओळखीचं वाटेल.

चूक ट्रॅक्टरवाल्याची, यात शंका नाही. तरीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्या गाडीला हेडलाइट होता ना, मग एवढी मोठी ट्रॉली दिसली कशी नाही? वेग जास्त होता का? कायद्याच्या भाषेत याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. अपघातात जखमी झालेल्याच्या चुकीचाही वाटा असेल, तर तेवढ्या वाट्याची भरपाई त्याला मिळत नाही.

पूर्वी हा नियम फार कठोर होता. 1809 साली इंग्लंडमधल्या एका प्रसिद्ध खटल्यात घोडा भरधाव पिटाळणारा माणूस रस्त्यात आडव्या ठेवलेल्या वाशाला अडखळून पडला. नीट बघत आला असता तर वासा दिसला असता, एवढ्या कारणावरून त्याला एक पैसुद्धा मिळाली नाही. तिथे 1945 च्या कायद्याने हे बदललं आणि चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी करण्याची पद्धत आली. आपल्याकडची न्यायालयंही टक्क्यांनीच वाटणी करतात.

आता आपल्या फॅब्रिकेटरचा हिशेब पाहू. महिना 20,000 म्हणजे वर्षाचे 2,40,000 रुपये. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के मिळवले की 3,36,000 होतात. पाय अधू झाल्याने कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं न्यायाधिकरणाने धरलं, तर वर्षाचं नुकसान 1,00,800. या वयाला गुणक 15, म्हणून 15,12,000. औषधोपचार, वेदना आणि इतर बाबींचे 4,88,000 धरले की बेरीज 20 लाख होते. न्यायाधिकरणाने त्याचा दोष 25 टक्के ठरवला, तर हातात 15 लाख. कात्री एकूण रकमेला लागते. दवाखान्याची बिलं खरी असली तरी त्यातलाही चौथा भाग जातो. माणूस दगावला असता, तर त्याच्या बायकामुलांच्या रकमेतूनही तेवढाच वाटा कमी झाला असता.

हे 25 टक्के कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. ते पुराव्यावरून ठरतात आणि तिथे घटनास्थळाच्या पंचनाम्याला फार वजन असतं. ट्रॉली डांबरावर किती फूट होती, रिफ्लेक्टर होता का, ब्रेकच्या खुणा किती लांब आहेत, हे त्यात नोंदलेलं असलं तर दावा तगतो. नुसतं ‘अंधार होता’ एवढंच लिहिलेलं असलं तर वकिलांच्या तर्काला रान मोकळं मिळतं. म्हणून जखमीला दवाखान्यात पोचवल्यावर घरच्या कुणीतरी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवावेत, असं मी कळकळीने सांगेन. सकाळपर्यंत ट्रॉली हललेली असते. जखमीची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझं मात्र तसा आरोप करणाऱ्यावर, म्हणजे विमा कंपनीवर असतं.

सगळ्यांत जास्त गफलत होते ती नियम मोडणं आणि अपघाताला हातभार लावणं या दोन गोष्टी एकच समजण्यात. ‘हेल्मेट नव्हतं, आता कसला क्लेम’ असं म्हणून लोक दावाच लावत नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं. मांडीचं हाड मोडलं असेल तर हेल्मेटचा त्याच्याशी काय संबंध? डोक्याला मार असता तर तो मुद्दा निघू शकला असता. दिल्लीतल्या एका अपघातात कारने मागून धडक दिली होती आणि मोटारसायकलवर तिघे बसले होते. तेवढ्या कारणाने उच्च न्यायालयाने 10 टक्के कापले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. ट्रिपल सीट हा कायद्याचा भंग खराच, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. लायसन्स नसण्याबाबतही न्यायालयांनी हाच विचार मांडला आहे.

फॅब्रिकेटरच्या मागे त्याची बहीण बसली होती असं धरा. तिलाही लागलं, तर तिचे 25 टक्के कापले जाणार नाहीत, कारण गाडी ती चालवत नव्हती. तिच्या बाबतीत भाऊ आणि ट्रॅक्टरवाला हे दोघे मिळून दोषी ठरतात, आणि पूर्ण रक्कम ती एकट्या ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडूनही मागू शकते. भावाच्या वाट्याचे पैसे वसूल करायचे की नाही, ते मग त्या कंपनीने पाहायचं.