साथीदार आपलं ऐकतो कसा?

१९९० साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ४' हा गेम आला, तेव्हा त्यातला क्लिफ्ट नावाचा पुजारी खेळाडूंच्या शिव्यांचा धनी झाला. शत्रूला एका फटक्यात मारणारा 'झराकी' हा मंत्र त्याला येत असे. पंचाईत अशी, की समोर मोठा बॉस उभा असतानाही तो हाच मंत्र टाकायचा. बॉसवर या मंत्राचा काडीचाही परिणाम होत नसे. इकडे जखमी साथीदार मरायला टेकलेले आणि क्लिफ्टची 'झराकी' चालूच.

खेळाडूला त्याला थांबवताही येत नव्हतं. गेमच्या पाचव्या आणि शेवटच्या प्रकरणात फक्त नायक खेळाडूच्या ताब्यात असे. बाकीच्या मंडळींना 'जीव सांभाळा', 'जोरात हाणा', 'मंत्र वापरू नका' अशा ढोबळ सूचना देता येत, नेमका हुकूम देता येत नसे. कोणत्या वेळी काय करायचं हे गेम स्वतः ठरवायचा. कोणत्या शत्रूवर काय चालतं हेही साथीदार लढाया करत करत शिकत असत. रानात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या लहानसहान प्राण्यांच्या बाबतीत ही युक्ती झकास होती. पण बॉस भेटतो एकदाच, फार तर हरल्यावर आणखी दोनचारदा. तेवढ्यात शिकणार काय आणि कधी? २००१ साली प्लेस्टेशनसाठी हा गेम नव्याने काढला, तेव्हा प्रत्येकाला थेट हुकूम देण्याची सोय त्यात आली.

पार्टी घेऊन खेळायच्या सगळ्याच गेमपुढे हा प्रश्न असतो. तीन-चार जणांची टोळी लढते आणि खेळाडू एकटाच असतो. प्रत्येकाला दर क्षणी सांगत बसलं तर लढाई रेंगाळते, आणि सगळं साथीदारांवर सोपवलं तर क्लिफ्ट होतो. यावरचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा तोडगा २००६ च्या 'फायनल फँटसी १२' मध्ये आहे. त्याचं नाव 'गॅम्बिट'. यात साथीदाराचं डोकं म्हणजे एक उघडी यादी असते आणि ती यादी खेळाडूच लिहितो.

यादीतल्या प्रत्येक ओळीचे दोन भाग असतात. आधी कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत, मग काय करायचं. पेनेलो या मुलीकडे जखमींची काळजी सोपवायची असेल, तर तिची यादी अशी लिहिता येते:

```
1. Ally: any                     Phoenix Down
2. Ally: HP < 50%                Cure
3. Foe: party leader's target    Attack
```

पहिली ओळ पडलेल्या साथीदाराला उठवण्याची. 'फिनिक्स डाउन' ही वस्तू फक्त पडलेल्यांवरच चालते, म्हणून 'कोणताही साथीदार' एवढं लिहिलं तरी पुरतं. दुसरी ओळ सांगते, की कोणाची ताकद निम्म्याखाली गेली तर त्याला बरं कर. तिसरी सांगते, की पुढारी ज्याच्याशी लढतोय त्यालाच तूही मार.

आता पुढारी बाश लढतोय आणि त्याची ताकद ४५ टक्क्यांवर आली, असं समजा. पेनेलोची पाळी आली की गेम तिची यादी वरून खाली वाचतो. कोणी पडलंय का? नाही, पुढची ओळ. कोणी निम्म्याखाली आहे का? हो, बाश. झालं, ती 'क्युअर' टाकते आणि तिसऱ्या ओळीकडे कोणी बघतही नाही. पुढच्या पाळीला वाचन पुन्हा पहिल्या ओळीपासून. जी पहिली ओळ लागू पडेल तीच करायची, एवढाच या बुद्धिमत्तेचा नियम. मागच्या पाळीला आपण काय केलं याच्याशी यादीला देणंघेणं नसतं. तरीही लढाई बघणाऱ्याला वाटतं, पोरगी भलतीच समजूतदार आहे.

सगळा खेळ ओळींच्या क्रमाचा आहे, आणि नवा खेळाडू नेमका तिथेच घसरतो. तो 'मार' ही ओळ उत्साहाने सगळ्यात वर ठेवतो. जोवर पुढारी कोणाशी तरी लढतोय तोवर ती ओळ लागू पडतच राहते, त्यामुळे खालची 'क्युअर' कधी येतच नाही. जवळ भरपूर मंत्रशक्ती शिल्लक असताना पार्टी मेली, तर आधी हा क्रम तपासावा.

दुसरी खोड आकड्यात असते. काळजीपोटी ५० टक्क्यांच्या जागी ९० टक्के लिहिले, तर बारीक ओरखडा उठला तरी पेनेलो मंत्र टाकत बसते आणि बॉसपर्यंत पोचेतो तिची मंत्रशक्ती संपते. ती संपली की दुसरी ओळ करताच येत नाही, मग गेम ती सोडून तिसरीवर जातो. बरं करणारी पेनेलो अचानक हत्यार घेऊन पुढे धावली, तर समजावं की मंत्रशक्ती संपली आहे. मंत्रशक्ती वाया जाण्याचं दुसरं कारण म्हणजे दोघांच्या यादीत तीच ओळ. प्रत्येक जण आपापली यादी वाचतो, शेजाऱ्याने काय ठरवलं हे त्याला ठाऊक नसतं. मग पंगतीत दोन वाढप्यांनी एकाच पानात श्रीखंड वाढावं, तसे दोघेही एकाच जखमीकडे वळतात. उपाय सोपा आहे. एकाला ७० टक्क्यांना हलू द्यायचं आणि दुसऱ्याला थेट ३० टक्क्यांना.

तिसऱ्या ओळीतही एक खोच आहे. पुढारी कोणाशीच लढत नसेल, तर ती लागू पडत नाही आणि साथीदार मख्ख उभे राहतात. त्यासाठी खाली आणखी एक ओळ जोडतात, `Foe: nearest visible` आणि `Attack`. मात्र मग हेच साथीदार वाटेत दिसेल त्याच्याशी भांडण उकरून काढतात, आणि गुपचूप निसटायचा बेत फसतो.

यादी चालू असतानाही खेळाडूचा शब्द शेवटचा असतो. मेनू उघडून कोणालाही हुकूम देता येतो. तो पार पडला की साथीदार पुन्हा आपल्या यादीकडे वळतो. बॉस एखादं अनपेक्षित अस्त्र काढतो, तेव्हा याचाच आधार असतो, कारण यादीला पुढचं दिसत नाही. ताकद निम्म्याखाली गेल्याशिवाय दुसऱ्या ओळीला जाग येत नाही. पुढच्या फटक्यात बाश मरणार हे खेळाडूला कळतं, पेनेलोला नाही.

हा गेम एका बाबतीत मात्र कंजूष आहे. प्रत्येकाला सुरुवातीला दोनच ओळी मिळतात, जास्तीत जास्त बारा, आणि 'साथीदाराची ताकद अमुक टक्क्यांखाली' यासारख्या बऱ्याच अटी दुकानातून विकत घ्याव्या लागतात. पहिले काही तास साथीदार मठ्ठ वाटतात ते यामुळे. माझ्या मते ही गेमची चूकच आहे. शिकवण्याची गंमत हाच ज्याचा प्राण, त्याने शिकवण्याची साधनंच उशिरा का द्यावीत?

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ने २००९ मध्ये अशीच यादी 'टॅक्टिक्स' नावाने आणली. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'ने उलटी वाट धरली. तिथे लढाई पाळीपाळीने होते आणि पार्टीतल्या प्रत्येकाची चाल खेळाडू स्वतः करतो. तिथे क्लिफ्ट होणं शक्य नाही, पण एक मोठी लढाई सहज अर्धा तास खाते.

'फायनल फँटसी १२'ची सुधारलेली आवृत्ती २०१८ पासून कॉम्प्युटरवरही मिळते. खेळून पाहणार असाल, तर उठवण्याची ओळ वर, बरं करण्याची तिच्याखाली आणि मारण्याची सगळ्यात खाली ठेवा. पहिल्या बॉसकडून हरलात तर हत्यारं बदलण्याआधी यादी बदलून बघा.