'व्हर्नी' कोणाला म्हणता?

आकुर्डी, निगडी, चिंचवड हा पट्टा कारखान्यांनी वसवला. बजाजच्या, टेल्कोच्या, भोसरी एमआयडीसीच्या आणि पुढे चाकणच्या कामाच्या ओढीने बीड, लातूर, बुलढाणा, जळगावकडची कुटुंबं इथे आली, अजून येतात. वडिलांचं काम जरा स्थिरावलं की गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीपर्यंत शिकलेलं पोर जूनमध्ये इथल्या इंग्रजी माध्यमात बसतं. पहिल्या आठवड्यातच त्याला नाव मिळतं: 'व्हर्नी', नाहीतर 'गावठी'. त्याने 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच 'व'ने उच्चारले की मागच्या बाकावर हशा. आमच्या भागात हे इतकं नित्याचं आहे की शिक्षक आणि पालक दोघेही 'होईल सवय' म्हणून सोडून देतात. या चिडवण्याखाली काही पक्के गैरसमज आहेत आणि ते फक्त मुलांचे नाहीत.

गैरसमज : इंग्रजीत उत्तर देता येत नाही, म्हणजे विषय येत नाही.

सहावीच्या वर्गातलं एक साधं गणित घेऊ. बाई म्हणतात, 'सबट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेंटी फाइव्ह.' नवा मुलगा वहीत 8 − 25 मांडतो आणि अडतो. वर्ग हसतो. आता तेच मराठीत सांगा: 25 मधून 8 वजा कर. तो लगेच 17 सांगेल. चूक वजाबाकीची नव्हतीच. मराठीत मोठी संख्या आधी येते आणि मांडणीही त्याच क्रमाने होते. इंग्रजी वाक्यात वजा करायची संख्या आधी ऐकू येते. मुलाने ऐकलेल्या क्रमाने मांडलं, इतकंच. 'हाऊ मेनी मोअर', 'अ‍ॅट लीस्ट', 'रिमेनिंग' असे शब्द असलेल्या शाब्दिक उदाहरणांत हेच घडतं. आकडेमोड येत असते, प्रश्न काय विचारतोय ते कळत नसतं.

यावरूनच शिक्षकांना करता येण्याजोगी एक सोपी तपासणी निघते. मूल अडलं की तोच प्रश्न त्याच्या भाषेत विचारायचा. मराठीत सुटला तर अडचण भाषेची आहे आणि उपायही भाषेचाच हवा. मराठीतही सुटला नाही तर संकल्पना कच्ची आहे, मग ती शिकवायला हवी. दोन्ही भाषांत, बराच काळ, वाचन-लेखनात सारखीच अडचण दिसली तर मात्र तज्ज्ञाकडे पाठवावं. ही पाच मिनिटांची तपासणी न करताच मुलाला 'वीक' ठरवलं जातं. मग त्याला खालच्या तुकडीत बसवतात आणि चिडवणाऱ्यांना आयता पुरावा मिळतो.

आधीच्या माध्यमात शिकलेलं वाया जातं, हेही खरं नाही. ज्याला प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्याला 'फोटोसिंथेसिस' हा नुसता एक नवा शब्द आहे. ज्याला ते ठाऊकच नाही, त्याला शब्दही नवा आणि विषयही नवा. मग त्याचं इंग्रजी कितीही फर्डं असो.

गैरसमज : वर्षभरात बोलायला लागला नाही तर तो कायमचा मागे पडला.

कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास भाषेच्या दोन पातळ्या वेगळ्या करून दाखवल्या. एक मैदानावरची, डब्याच्या सुट्टीतली. दुसरी धड्यातली, उत्तरपत्रिकेतली. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून असं दिसलं की पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. त्या मुलांच्या तर शाळेबाहेरही इंग्रजीच होती. आकुर्डीत शाळेचं फाटक ओलांडलं की इंग्रजी संपते. तेव्हा इथे याहून लवकर अपेक्षा धरणं चूक. पाचवीत आलेला मुलगा दहावीपर्यंत झगडत असेल तर त्यात त्याची मंदबुद्धी नाही, ते हिशेबानेच आहे.

सुरुवातीचे काही महिने मूल वर्गात अजिबात बोलत नाही, हेही नव्या भाषेत सर्रास आढळतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. नेमकं याच काळात चिडवणं सुरू झालं तर गप्प राहणं लांबतं. बोलायला धजावलं की हशा होतो, म्हणून बोलणं कमी होतं, आणि सराव नाही म्हणून पुन्हा चुका होतात. शिक्षकाने या काळात उभं करून उत्तर विचारण्याऐवजी लिहून किंवा शेजारच्या मुलासोबत उत्तर घेतलं तर हे चक्र तुटतं.

उलट बाजूही सांगायला हवी. दोन वर्षांनी पोर कॉरिडॉरमध्ये फाडफाड बोलू लागलं की शाळा आणि घर दोन्ही निश्चिंत होतात आणि मदत बंद करतात. धड्याची भाषा अजून यायचीच असते. आठवी-नववीत मार्क घसरतात, तेव्हा 'आता तर इंग्रजी येतं, म्हणजे आळशी झालाय' असा निष्कर्ष निघतो.

गैरसमज : घरी इंग्रजीच बोला, म्हणजे चिडवणं थांबेल.

पालकसभेत हा सल्ला हमखास मिळतो. ज्या आईवडिलांना इंग्रजी सहज येत नाही, त्यांनी तो पाळला तर घरातलं बोलणंच आटतं. 'कम', 'इट', 'स्लीप', 'फिनिश युवर होमवर्क' यापलीकडे गप्पा जात नाहीत. गोष्टी, कारणं, वाद, हिशेब हे सगळं घरच्या भाषेत होत होतं, आणि विचाराची जी भाषा शाळेला हवी असते ती तिथेच तयार होत होती. घरी मराठीतच बोला, फक्त भरपूर बोला. शाळेत आज काय शिकवलं ते मुलाला मराठीत समजावून सांगायला लावा. ज्याला ते जमतं त्याला धडा कळलेला असतो.

आणि ही मराठी तरी कुठली? मराठवाड्यातून आलेलं पोर इंग्रजीच्या तासाला 'व्हर्नी' ठरतं आणि मराठीच्या तासाला 'पानी' म्हटलं म्हणून 'अशुद्ध' ठरतं. एकाच शाळेत दोनदा हसणं वाट्याला येतं. यातली दुसरी वेळ तर आपल्यातल्याच लोकांची. चिडवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे वडीलही मराठी शाळेतूनच आयटीआयला गेलेले असतात, हे जाता जाता.

गैरसमज : मराठी माध्यमाला पुढे वाव नाही.

हे आकुर्डीत म्हणणं जरा विनोदी आहे. स्टेशनपासून जवळच, निगडी प्राधिकरणातल्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये 2021-22 पासून संगणक अभियांत्रिकीची मराठीतली तुकडी सुरू झाली, 60 जागांची. त्याच वर्षी जेईई मेन मराठीसह 13 भाषांत देण्याची सोय झाली. इंग्रजी लागत नाही असं नाही, लागतंच. पण आठवीतल्या इंग्रजी उच्चारावरून कोणाचं भवितव्य ठरत नाही.

गैरसमज : पोरं चिडवणारच, त्यात शाळा काय करणार?

पोरं चिडवतात हे खरं. पण 'मराठी बोललास तर दहा रुपये दंड' असा नियम शाळेनेच लावला असेल, किंवा बाईच मुलाच्या बोलीची नक्कल करत असतील, तर तो पोरखेळ उरत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, आणि तो करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम 29 सांगतं की शिक्षण मुलाला भीती, धक्का आणि चिंता यांपासून मुक्त करणारं असावं, आणि शक्य तिथवर मातृभाषेत असावं. कायद्याची मर्यादाही लक्षात घ्या: तो 6 ते 14 वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आणि एका मुलाने दुसऱ्याला मारलेल्या हाकेवर कलम 17 थेट लागू होत नाही. तिथे वर्गशिक्षकाचा वचकच कामी येतो.

तक्रार करायची तर आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या: तारीख, वर्ग, कोण नेमकं काय बोललं. 'मुलाला त्रास होतो' एवढ्यावर काही हलत नाही. पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, इथे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, तक्रार करता येते. सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं. अर्ज इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून थांबू नका. महापालिकेचा कारभार मराठीतच चालतो.